एकच वर्ष, तीन नावे: आर्थिक वर्षांच्या लेबलांचा इतिहास आणि अनुवादकाचा हिशेब

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण त्यात इतिहास पुष्कळ आहे. एका देशातला आर्थिक अहवाल दुसऱ्या देशाच्या वाचकासाठी अनुवादित करताना शब्द फारसे अडवत नाहीत. नफ्याला नफा म्हणतात, कर्जाला कर्ज म्हणतात. अडवतात ती वर्षांची नावे, तिमाहींचे क्रमांक आणि तारखा. यांतली चूक वाक्यात दिसत नाही. वाक्य छान वाचले जाते, आकडेही बरोबर असतात, फक्त ते भलत्याच वर्षाला चिकटलेले असतात.

मी मुद्दाम भारत आणि जपान ही जोडी घेतली आहे. तुम्ही म्हणाल, या दोन देशांचे तर आर्थिक वर्ष एकच आहे, १ एप्रिल ते ३१ मार्च. मग अडचण कुठे? अडचण इथेच सगळ्यात जास्त आहे. वर्षे वेगळी असली की माणूस सावध असतो. वर्षे सारखी असली की तो नावे ताडून बघत नाही.

मारुती सुझुकीचे उदाहरण घेऊ. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या बारा महिन्यांना मारुती आपल्या अहवालात '२०२४-२५' म्हणते. आपल्याकडचे विश्लेषक आणि वर्तमानपत्रे त्यालाच 'एफवाय २५' म्हणतात. मारुतीची जपानमधली पालक कंपनी सुझुकी त्याच बारा महिन्यांना 'एफवाय २०२४' म्हणते. आणि जपानमधलीच दुसरी मोठी मोटार कंपनी, टोयोटा, आपल्या इंग्रजी अहवालांत त्याच बारा महिन्यांना 'एफवाय २०२५' म्हणते. काळ एक, नावे तीन. त्यातली दोन नावे एकाच देशातली, एकाच धंद्यातली.

आता याचा परिणाम आकड्यांत पाहा. २०२४-२५ मध्ये मारुतीने देशात आणि निर्यातीत मिळून २२,३४,२६६ गाड्या विकल्या. त्याआधीच्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, २१,३५,३२३ विकल्या होत्या. कुणी सुझुकीच्या अहवालातला 'एफवाय २०२४' वाचला आणि आपल्या सवयीने त्याला 'एफवाय २४' समजून २०२३-२४ असे लिहिले, तर पालक कंपनीचा एका वर्षाचा आकडा उपकंपनीच्या आदल्या वर्षाच्या आकड्याशेजारी बसेल. दोन आकड्यांत ९८,९४३ गाड्यांचा फरक आहे, म्हणजे साधारण साडेचार टक्के. हा फरक इतका लहान आहे की कुणाला शंका येणार नाही. दुप्पट किंवा निम्मा झाला असता तर डोळ्यांत भरला असता. वर्षाच्या लेबलाची चूक बहुतेक वेळा अशीच असते, पटण्याजोगी.

मग प्रश्न येतो की हे असे का झाले? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी ते १ जानेवारीला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्च या दिवसांना वर्ष कोणते, हा रोजचा प्रश्न होता. यावर कारकुनांनी काढलेला उपाय म्हणजे दोन्ही वर्षे लिहायची, मध्ये तिरकी रेघ द्यायची. फेब्रुवारी १७३१/३२ असे. हा जोडआकडा कालावधीचा नव्हता. एकाच दिवसाला दोन पद्धतींत दोन वर्षे लागतात, एवढेच तो सांगत होता. आज ब्रिटनमध्ये २०२४/२५ लिहितात तेव्हा मात्र तो कालावधी असतो. चिन्ह तेच, अर्थ दुसरा. जुनी कागदपत्रे अनुवादित करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

१७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदलले. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, अकरा दिवस गाळले गेले. हिशेबाची जी मुदत २५ मार्चला संपत होती, ती अकरा दिवस पुढे सरकून ५ एप्रिलला आली. ब्रिटनमध्ये व्यक्तीचे करवर्ष आजही ५ एप्रिलला संपते. सरकारचे स्वतःचे हिशेब मात्र १८५४ पासून ३१ मार्चला बंद होऊ लागले. म्हणजे ब्रिटनमध्ये '२०२४/२५' या एकाच लेबलाची दोन वर्षे आहेत, पाच दिवसांच्या अंतराने.

भारतात ब्रिटिश सरकारचे वर्ष सुरुवातीला १ मे ते ३० एप्रिल असे होते. जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये पहिला अर्थसंकल्प मांडला तो याच पद्धतीत. १८६७ पासून ते १ एप्रिलला आणले गेले. पण वर्ष हलवायचे म्हणजे मधला एक महिना कुठेतरी टाकावा लागतो. म्हणून १८६६-६७ हे वर्ष अकराच महिन्यांचे झाले. त्या काळातला महसुलाचा तक्ता बघताना त्या एका ओळीत घसरण दिसते. ती दुष्काळाची किंवा व्यापारातली घसरण आहे असे मानण्याआधी एक महिना कमी आहे हे धरावे लागते.

जपानने हेच १८८६ मध्ये केले. त्याआधी तिथले सरकारी वर्ष जुलै ते जून असे होते. ते एप्रिलला आणण्यासाठी मेइजी १८ हे वर्ष जुलै १८८५ ते मार्च १८८६ असे नऊ महिन्यांचे ठेवले गेले. अर्थमंत्री मात्सुकाता मासायोशी यांच्या काळातला हा निर्णय. सरकारी तुटीचा ताळमेळ आणि जमीन महसुलाच्या हप्त्यांच्या वेळा अशी कारणे त्यामागे सांगितली जातात.

अमेरिकेने १९७६ मध्ये वेगळा मार्ग घेतला. जुलै-जून हे वर्ष ऑक्टोबर-सप्टेंबर असे करायचे होते. त्यांनी कोणतेही वर्ष लहान केले नाही. जुलै ते सप्टेंबर १९७६ हे तीन महिने वेगळे काढले आणि त्यांना 'संक्रमण तिमाही' असे नाव दिले. ते ना १९७६ मध्ये आहेत, ना १९७७ मध्ये. वर्षावर वर्ष बेरीज करत जाणारा माणूस हे तीन महिने सहज गमावतो.

हे सगळे जुने झाले असे समजू नका. नेस्ले इंडिया ही कंपनी पूर्वी जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब ठेवत असे. ती एप्रिल-मार्चवर आली तेव्हा तिचे एक लेखावर्ष जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ असे पंधरा महिन्यांचे झाले. त्या वर्षाला तिमाह्या पाच. 'वर्षभरातील विक्री' असा सरळ अनुवाद केला की वाचक ती आदल्या बारा महिन्यांशी ताडून बघणार आणि कंपनीने मोठी झेप घेतली असे समजणार. इथे अनुवादात 'पंधरा महिन्यांतील विक्री' असेच लिहावे लागते. मूळ लेखकाने ते मथळ्यात एकदाच सांगितले असले, तरी उतारा सुटा वाचला जाण्याची शक्यता असेल तर आपण ते पुन्हा सांगावे.

आता लेबलाकडे परत येऊ. दोन कॅलेंडर वर्षांवर पसरलेल्या मुदतीला एकच आकडा द्यायचा असेल तर दोन मार्ग आहेत. सुरू होते ते वर्ष घ्या, किंवा संपते ते घ्या. जपानी भाषेत या दोन मार्गांसाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि ही मोठी सोय आहे. 'नेन्दो' हा शब्द आला की सुरुवातीचे वर्ष: २०२४ नेन्दो म्हणजे एप्रिल २०२४ पासूनचे. शाळा, सरकार, अर्थसंकल्प सगळीकडे हाच चालतो. कंपन्यांच्या हिशेबात दुसरा शब्द येतो, 'की', म्हणजे मुदत. '२०२५ सान्गात्सु-की' म्हणजे मार्च २०२५ ला संपलेली मुदत. दोन्ही तेच बारा महिने. जपानी वाचकाचा गोंधळ होत नाही, कारण शब्दच सांगतो की आकडा सुरुवातीचा की शेवटचा.

इंग्रजीत आणताना दोन्ही शब्दांचे 'फिस्कल इयर' झाले आणि ती खूण पुसली गेली. सुझुकीने नेन्दोचा आकडा ठेवला, टोयोटाने कीचा. दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला ती खूण मिळत नाही. त्यामुळे इंग्रजी प्रत हातात असली तरी शक्य असेल तिथे जपानी मूळ उघडून एवढा एक शब्द पाहून घ्यावा. जपानी येत नसले तरी चालते, फक्त ती अक्षरे ओळखता यायला हवीत.

आपल्याकडची जोडआकड्याची पद्धत, २०२४-२५, यात हा गोंधळ नाही. म्हणून मराठी अनुवादात तीच वापरावी असे माझे मत आहे. पण तिलाही मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती लगेच दिसते. साखर कारखान्याचा गाळप हंगाम '२०२४-२५' म्हणतो तेव्हा साखर वर्ष ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ असे असते. त्याच कारखान्याचा ताळेबंद '२०२४-२५' म्हणतो तेव्हा ते एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. एकाच वार्षिक अहवालात, कधी समोरासमोरच्या पानांवर, एकाच लेबलाखाली दोन वेगळे काळ. आपल्या व्यापाऱ्यांच्या दिवाळी ते दिवाळी वह्याही १९८९ पर्यंत आयकराला चालत होत्या. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांना मार्चअखेर सक्तीची झाली. जुन्या पेढीचे कागद हाताळणाऱ्यांनी हे सोडू नये.

आणि करनिर्धारण वर्षाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. १९६१ च्या आयकर कायद्यात 'मागील वर्ष' हा पारिभाषिक शब्द आहे. ज्या वर्षी उत्पन्न मिळाले ते 'मागील वर्ष', आणि त्याच्या पुढचे ते 'करनिर्धारण वर्ष'. म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ च्या कागदावर २०२४-२५ चे उत्पन्न असते. परदेशी अनुवादक 'मागील वर्ष' याचा अर्थ 'गेल्या वर्षी' असा घेतात आणि आकडा आणखी एक वर्ष मागे ढकलतात. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात या जोडीऐवजी 'करवर्ष' हा एकच शब्द आहे. जुनी कागदपत्रे मात्र जुन्या शब्दांतच राहणार.

आता तिमाह्यांकडे येऊ. 'पहिली तिमाही' याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. वर्ष कधी सुरू होते हे कळल्याशिवाय तो नुसता क्रमांक आहे. भारतीय किंवा जपानी कंपनीची पहिली तिमाही एप्रिल ते जून. मायक्रोसॉफ्टचे वर्ष जूनअखेर संपते, म्हणून तिची पहिली तिमाही जुलै ते सप्टेंबर. ॲपलचे वर्ष सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपते, म्हणून तिची पहिली तिमाही साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या कंपनीची जानेवारी ते मार्च. बाराही महिने कुणाच्या ना कुणाच्या पहिल्या तिमाहीत येतात. आपल्याकडे बाजारातले लोक 'जून तिमाही', 'मार्च तिमाही' असे म्हणतात. हा बोलीतला प्रयोग क्रमांकापेक्षा चांगला आहे, कारण तो शेवटचा महिना सांगतो. अनुवादात 'एप्रिल-जून २०२४ तिमाही' लिहा, विषय संपला.

खरे तर विषय इथे संपत नाही. जपानी अहवालात आणखी एक खाच आहे. तिथल्या कंपन्या शेअर बाजाराला तिमाही निकालांचा जो संक्षिप्त अहवाल देतात, त्याला 'केस्सान तानशिन' म्हणतात. त्याच्या पहिल्या पानावर तिसऱ्या तिमाहीचे म्हणून जे आकडे असतात, ते वर्षाच्या सुरुवातीपासून साचत आलेले असतात. म्हणजे एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने. तिथे 'रुइकेई' हा शब्द असतो, त्याचा अर्थ एकत्रित बेरीज. भारतीय वाचक तिसरी तिमाही म्हटले की ऑक्टोबर-डिसेंबर हे तीन महिने समजतो.

समजा एका कंपनीची विक्री पहिल्या तिमाहीअखेर १००, दुसरीअखेर २१०, तिसरीअखेर ३३० आणि वर्षअखेर ४५० अशी छापली आहे. तीन महिन्यांची तिसरी तिमाही हवी असेल तर ३३० मधून २१० वजा करायचे, उत्तर १२०. हे न करता '३३०' तिसऱ्या तिमाहीची विक्री म्हणून लिहिली तर कंपनी जवळजवळ तिप्पट मोठी दिसते. ओळखायचे कसे? चारही आकडे ओळीने मांडा. ते सतत चढत असतील आणि चौथा आकडा वार्षिक आकड्याइतकाच असेल, तर ते साचलेले आहेत. चारांची बेरीज वार्षिक आकड्याइतकी असेल, तर ते सुटे आहेत. दोन मिनिटांचे काम आहे.

आता तारखा. ०४/०५/२०२५ ही आपल्याकडे ४ मे. अमेरिकेत ५ एप्रिल. लाभांशाची नोंदणी तारीख असेल तर हा महिन्याचा फरक पैशांचा फरक असतो. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर तारीख स्वतःच बोलते, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून संशय आला की त्याच कागदातली अशी एखादी बोलकी तारीख शोधावी. ३१/०३ सापडले तर दिवस आधी लिहायची पद्धत आहे, ०३/३१ सापडले तर महिना आधी. मात्र एका अहवालात दोन देशांच्या कार्यालयांनी भरलेले तक्ते असू शकतात, तेव्हा प्रत्येक तक्ता वेगळा तपासावा.

जपानमध्ये वर्ष, महिना, दिवस असा क्रम असतो. तो चांगलाच आहे, पण वर्ष कधी सम्राटाच्या कालखंडाचे असते. रेवा ७ म्हणजे २०२५. त्यामुळे '७.३.३१' असे दिसले तर ते ३१ मार्च २०२५. आपल्या डोळ्यांना ते २००७ वाटू शकते, किंवा ७ मार्च २०३१. शिवाय रेवा ६ चे नेन्दो रेवा ७ मध्ये संपते. आणि दलाली पेढ्यांच्या इंग्रजी टिपणांत 'एफवाय ३/२५' असे दिसते, ते मार्च २०२५ ला संपलेले वर्ष. २५ मार्च नव्हे.

हे सगळे एका वाक्यावर लावून पाहू. समजा जपानी अहवालात असे वाक्य आहे: '२०२४ नेन्दोच्या तिसऱ्या तिमाहीची एकत्रित विक्री आदल्या वर्षाच्या त्याच मुदतीपेक्षा ५ टक्क्यांनी वाढली, पुढील मुदतीचा अंदाज मे महिन्यात जाहीर करू.' आधी 'नेन्दो' पाहिले, म्हणून सुरुवात १ एप्रिल २०२४. 'एकत्रित' पाहिले, म्हणून शेवट ३१ डिसेंबर २०२४. 'त्याच मुदतीपेक्षा' म्हणजे एप्रिल ते डिसेंबर २०२३. 'पुढील मुदत' म्हणजे पुढची तिमाही नव्हे, तर एप्रिल २०२५ पासूनचे पूर्ण वर्ष. आणि मे म्हणजे मे २०२५. मग मराठी वाक्य होते: 'एप्रिल ते डिसेंबर २०२४ या नऊ महिन्यांतील विक्री एप्रिल ते डिसेंबर २०२३ च्या तुलनेत ५ टक्क्यांनी वाढली. २०२५-२६ या वर्षाचा अंदाज कंपनी मे २०२५ मध्ये जाहीर करेल.' यात 'यंदा', 'गेल्या वर्षी', 'पुढील वर्षी' असा एकही शब्द नाही. ते शब्द अहवाल कधी वाचला जातो त्यावर अर्थ बदलतात. मे महिन्यात छापलेल्या अहवालात कंपनीचे 'चालू वर्ष' म्हणजे मार्चमध्ये संपलेले वर्ष असते, आणि मराठी वाचकाचे 'यंदा' एप्रिलमध्येच सुरू झालेले असते.

मर्यादाही सांगायला हव्यात. कायद्याचे नाव, अहवालाचे शीर्षक, कराराचा क्रमांक यांतले लेबल बदलायचे नाही. ते नाव आहे, त्यावरूनच पुढे कुणीतरी तो कागद शोधणार आहे. तिथे मूळ लेबल जसेच्या तसे ठेवून शेजारी एकदा तारखा द्याव्यात. मुदत कागदावरून निघतच नसेल तर अंदाज करू नये. काम देणाऱ्याला विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत मूळ लेबल तसेच राहू द्यावे.

आणि कधी तारखा बरोबर असूनही आतला माल दुसऱ्या काळाचा असतो. चीनमध्ये कायद्याने हिशेबाचे वर्ष जानेवारी-डिसेंबर आहे. जपानी पालक कंपनीच्या मार्च २०२५ च्या एकत्रित ताळेबंदात चिनी उपकंपनीचे डिसेंबर २०२४ पर्यंतचे आकडे असू शकतात. तीन महिन्यांपर्यंतचा असा फरक आंतरराष्ट्रीय लेखामानकांना चालतो. तो अनुवादकाने दुरुस्त करायचा नसतो. पण त्याची टीप मूळ अहवालात बारीक अक्षरांत असते, आणि ती टीप गाळायची मात्र नाही.

म्हणजे कामाचा क्रम असा ठरतो. लेबल दिसले की त्याचे भाषांतर करायच्या आधी मुदतीचा पहिला आणि शेवटचा दिवस शोधायचा. तो बहुधा ताळेबंदाच्या डोक्यावर किंवा लेखापरीक्षकाच्या सहीच्या पानावर असतो. मग महिने मोजायचे: बारा, नऊ, अकरा की पंधरा. आणि मगच आपल्या वाचकाच्या पद्धतीचे नाव द्यायचे. वर्षाचे नाव कुणीतरी, कधीतरी, स्वतःच्या सोयीने ठेवलेले असते. ते १७५२ मध्ये एका कारणाने ठेवले, १८६७ मध्ये दुसऱ्या, १८८६ मध्ये तिसऱ्या. पहिला आणि शेवटचा दिवस मात्र लंडन, मुंबई आणि तोक्यो इथे सारखाच वाचला जातो.